सुकलाल आचाऱ्याचं चाखणं

प्रकाशा गावात सुकलाल आचाऱ्याच्या हातची डाळ खाल्ली नाही असा माणूस शोधायचा, तर तो परगावचा पाव्हणाच निघायचा. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, तापीकाठच्या या गावात मोठं पातेलं चुलीवर चढलं की पळी सुकलालच्या हातात. उमेदीत पळी धरली ती साठी उलटली तरी सोडली नाही. आणि त्या पळीचा तोराही तसाच मिरवायचा. अंगानं पहिल्यापासून भारदस्त. आचारी वाळका असला तर त्याच्या हातचं खायचं कोणी, असं तो स्वतःच पोटावरून हात फिरवत म्हणायचा.

त्या पोटाचा भार वाहता वाहता गुडघे बिचारे मेटाकुटीला आले. आधी जिना चढताना कुरकुरले, मग मांडी घालताना कळ निघू लागली, मग सकाळी खाटेवरून उठल्यावर दहा पावलं टाकेपर्यंत डोळ्यांत पाणी. मुलगा नवनीत त्याला शहाद्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. सोबत सून शीला होती, कारण सासऱ्याला सांगितलेलं घरी येईपर्यंत निम्मं गळून जातं हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "गुडघ्यातली गादी झिजली आहे आबा. झिजलेली परत यायची नाही. पण दुखणं आणि सूज कमी करता येते. पहिलं काम वजन. अंगावरचं एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचं चार किलोंचं ओझं उतरतं. मांडीचे व्यायाम करा. तळलेलं, गोड, मैदा सोडा. ज्वारी, नागली, डाळी, पालेभाज्या, फळं खा."

"आणि हळद?" शीलानं विचारलं.

"हळद, आलं रोजच्या जेवणात हवंच. पण औषध समजून चमचे भरभरून गिळायचं नाही. आणि दुखण्याच्या गोळ्या सांगेन तेव्हाच. बीपी आहे यांना, रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतील."

शीलाचं माहेर खापर गावचं. तिकडे गुजरातचा वारा. हिवाळ्यात ओली हळद आणि आंबेहळद चिरून लिंबात मुरवून ठेवल्याशिवाय तिच्या आईचं स्वयंपाकघर सुरूच व्हायचं नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी सासऱ्याचं ताट वेगळं केलं. दादर ज्वारीची नाहीतर नागलीची भाकरी, मुगाची डाळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, आणि नवनीतच्या शेतातल्या पपईच्या फोडी. डाळीला चमचाभर तेलात हळद, दोन मिरे कुटून, ठेचलेलं आलं.

सुकलालनं डाळीकडे वाकून पाहिलं. "हाई फोडणी शे का तेलना टिळा?"

"नाना, हळद तेलमा परती आन संगे मिरी ऱ्हायनी ते आंगले जास्ती लागस," शीला म्हणाली. "तेल ज्यादा टाकीसन काही जास्ती लागत नई."

बायको दगूबाई पदराआड हसली. सुकलाल मुकाट्यानं जेवला. तसा तो शब्दाचा पक्का. घरात त्यानं दुसरं काही मागितलं नाही, चोरून काही खाल्लं नाही, दगूबाईकडे शेवेचा डबासुद्धा मागितला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. लग्नसराईनं त्याला श्वास घेऊ दिला नाही. आणि गुडघे? होते तिथेच. वजन? काट्यानं तसूभर हलायचं नाव घेतलं नाही.

मग काय, घाटावरच्या पारावर सुकलालला विषयच मिळाला. सून दवाखान्याचं जेवण घालते, म्हणायचा. ज्या हातानं हजार माणसांना तर्री वाढली त्या हातानं मी पाला खातो, आणि गुडघा आहे तसाच आहे. ऐकणारे हसायचे. ते हसणं फिरून फिरून शीलाच्या कानावर यायचं. तिला राग यायचा तो हसणाऱ्यांचा नव्हे. आपण सगळं नीट करतोय आणि तरी उतारा का पडत नाही, याचा. कुठे चुकतंय तेच तिला कळेना, आणि न कळणं तिला मुळीच खपायचं नाही.

ज्येष्ठात सुकलालच्या चुलतभावाच्या, गोकुळच्या घरी साखरपुडा होता. गोकुळची मुलगी रिना. भाऊबंदकीतलं काम, म्हणजे सुकलालचं घरचं. अंगणात चुली मांडल्या. आचाऱ्यानं पाटावर बसून रांधायचं ही सुकलालची जुनी ऐट. गुडघा फुटला तरी तो उभ्यानं रांधणार नाही. बायकांमध्ये शीलाही बट्ट्या वळायला बसली, अगदी सासऱ्याच्या समोर.

आणि जेवणावळी उरकल्या, तेव्हा सुकलालला पाटावरून उठता येईना. एकदा हात टेकले, दोनदा टेकले. उजवा गुडघा सुजून टम्म. शेवटी त्याचा मदतनीस भरत आणि आणखी एक जण धावले आणि काखेत हात घालून पाव्हण्यांसमोर त्याला उचललं. ते सुकलालला फार लागलं.

गोकुळ त्याला घरापर्यंत सोडायला आला. दारातच घुटमळला. "दादा, वाईट मानू नको. माघमा रिनानं लगीन शे. दोन दिवसनी पंगत, हजारभर माणूस. मी शहादाना केटरर देखी लेस. तू फक्त खुर्ची टाकीसन बठ."

खुर्ची टाकून बस. सुकलालला वाटलं, यापेक्षा गोकुळनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊबंदकीतल्या पोरीचं लग्न आणि चुलीवर परका माणूस, असं त्याच्या हयातीत झालं नव्हतं. रिनाच्या बारशाचा शिरा त्यानं केला होता. आणि तिच्या लग्नात तो पाव्हण्यासारखा खुर्चीत बसणार, हातात सरबताचा पेला घेऊन.

सकाळी तो खाटेवर पाय लांब करून बसला होता. दगूबाईनं चहा दिला. शीला आतून आली आणि तिनं त्याच्यासमोर स्टीलचा मोठा डबा ठेवला. झाकण उघडलं. आत काय काय होतं. तुपानं ओथंबलेले बट्टीचे तुकडे, बुंदी, वांग्याच्या भाजीची लाल तर्री, भज्यांचे तुकडे, पुरीची कोर, जिलबीची अर्धी अर्धी कडी. सगळं एकमेकांत कालवून तेल वर आलेलं.

"हाई काय शे?"

"तुम्हनं कालनं चाखनं, नाना."

सुकलालला काही उमगेना.

"काल मी तुम्हना समोरच बठेल व्हतू. तुम्ही जवय जवय काही तोंडमा टाकं, तवय तेवढंच मी या डबामा टाकं. सकायपाईन पंगत ऊठस तोपर्यंत."

"इतलं?"

"इतलं."

दगूबाईनं डब्यात डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "नवनीतना बाप, हाई ते दोन माणसंनं पोटभर जेवन शे. तुम्ही घर ईसन भाकर खातस ती तिसरी."

सुकलालनं डबा जवळ ओढून पाहिला. तो खोटं बोलत नव्हता, हीच खरी गंमत. आपण काही खातो असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. चाखणं म्हणजे त्याच्या लेखी काम. सुतार लाकडावरून हात फिरवतो, तशी आचारी पदार्थावरून जीभ फिरवतो. ते कोणी जेवणात धरतं का? बट्टी आतून शिजली का, म्हणून एक तुकडा. तिखट बसलं का, म्हणून पळीभर तर्री. बुंदीचा पाक मुरला का, म्हणून मूठभर. प्रत्येक घाण्याला पुन्हा. आणि लग्नसराईत असे दिवस लागोपाठ. शीलाच्या पाल्यानं आणि नागलीनं करावं तरी काय?

पण हार मानेल तो सुकलाल कसला. "चाखं नई ते मीठ कसं कळी माले? आंधळाना कारभार शे का?"

शीला जणू याचीच वाट पाहत होती. "केदारेश्वरना भंडाराले चाखतस का तुम्ही?"

सुकलालनं चहाचा कप खाली ठेवला.

गावच्या देवळातल्या भंडाऱ्याचं, देवापुढच्या गावजेवणाचं, कोणी आधी चाखत नाही. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, हा नियम. आणि श्रावणातल्या भंडाऱ्याचं जेवण तर त्याच्याच हातचं असायचं, इतक्या वर्षांत एकदाही खारट नाही, अळणी नाही. मीठ मुठीच्या मापानं, तिखट रंगावरून, डाळ उकळीच्या आवाजावरून, मसाला वासावरून. हे तो स्वतःच पोरांना फुशारकीनं सांगायचा.

"मंग प्रत्येक लगीनले भंडाराच समजा नाना," शीला म्हणाली. "माघ ले अजून आठ महिना शेत. खुर्चीमा बठसू असं गोकुळकाकाले आत्तेच सांगू नका."

सुकलालनं डब्यावर झाकण घातलं. "देखाडसू तुले," तो म्हणाला. "आचारी काय चीज ऱ्हास ते देखाडसू."

आणि त्यानं दाखवलं. कुठल्याही चुलीवर गेला की आधी जाहीर करायचा, आज भंडारा आहे. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला भक्ती सुचली. पहिले काही दिवस हात आपोआप तोंडाकडे जायचा आणि तो स्वतःलाच शिवी हासडून खाली घ्यायचा. मग सवय झाली. घरून निघताना भाकरी आणि डाळ खाऊन निघायचा, म्हणजे भूक भजी मागत नाही.

पण खरी मजा पुढेच झाली. जीभ कामावर लावायची नाही, तर मग ती लावायची कुठे? त्यानं ती शीलाच्या स्वयंपाकावर लावली. कमी तेलाच्या डाळीत नाक खुपसून बसायचा. एक दिवस म्हणाला, कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळं भाज, मग पाट्यावर वाट; तेलाचं काम भाजणं करेल. शीलानं केलं, आणि डाळीला काय चव आली म्हणता. मग म्हणाला, आल्यातलं निम्मं फोडणीत घाल, निम्मं उतरवताना घाल, म्हणजे झणका टिकेल. मग कुळथाचं कढण, मग लांब हिरव्या वांग्याचं भरीत, तेल नावापुरतं, वर कांद्याची पात. शीला तिच्या आईचं सांगायची, सुकलाल त्यात आपली आचारीगिरी घुसवायचा, आणि दोघं अशी तावातावानं भांडायची की दगूबाई म्हणायची, मी आपली ओसरीवर जेवते. पारावर आता सुकलाल सुनेची चेष्टा करीनासा झाला. उलट, कोणी पाला म्हटलं की तापायचा. "ये मन्हा घर, खाईसन देख, मंग बोल."

सकाळी खाटेवर बसून तो पाय सरळ करायचा, मांडी आवळून धरायचा, सोडायचा. शीला चहा गाळता गाळता नजर ठेवायची. मग सपाट रस्त्यानं हळूहळू चालणं. भंडारा आला तेव्हा पायजम्याची नाडी जास्त उरायला लागली होती. दसऱ्याला सकाळचा ताठरपणा चहा पिऊन होईपर्यंत मोकळा व्हायचा. गोळी लागायची, नाही असं नाही. पण आधी रोज मागायचा ती आता फार चाललं तरच. मांडी घालून मात्र बसता येईना. झिजलं ते झिजलं, डॉक्टर म्हणाले, मांडी घालून त्याच्यावर पुन्हा ताण टाकू नका. तेव्हा सुकलालनं आयुष्यात पहिल्यांदा पाट सोडला. उंच शेगडी घेतली आणि बाजूला स्टूल. ऐट थोडी दुखावली, पण गुडघ्याइतकी नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी तो चालत गोकुळच्या घरी गेला. गोकुळचं घर गावाच्या वरच्या अंगाला, चढावर. गोकुळ अंगणात मिरच्या पसरत होता. त्यानं वर पाहिलं, मग सुकलालच्या मागे रस्त्यावर पाहिलं, कोणी मोटारसायकलवर सोडलं की काय म्हणून.

"दादा, चालीसन ऊना तू?"

"मंग काय पालखीमा?" सुकलाल दम खात म्हणाला. "रिनाना लगीननी डाळ कोन करी?"

गोकुळ मिरच्यांतून उठला. केटररशी बोलणं झालं होतं, शब्द दिला नव्हता. त्यानं सुकलालच्या पायांकडे पाहिलं, उतरलेल्या पोटाकडे पाहिलं. त्यालाही परका आचारी नकोच होता. "तूच करशी," तो म्हणाला.

माघात मांडव उभारला. शीलानं दहा दिवस आधीच खापरच्या बाजारातून ओली हळद आणि आंबेहळद मागवली, चिरली, लिंबात मुरवली. पंगतीला ताटात डाव्या बाजूला तेच लोणचं ठेवायचं, असं सासऱ्यानंच फर्मान काढलं होतं. सुकलाल शेगडीशी उभा, दमला की स्टुलावर. तीन मोठी पातेली डाळीची. वास असा सुटला की मांडवातले पाव्हणे चुलीकडे बघायला लागले. त्यानं अजून जिभेला काही लावलं नव्हतं.

नवरदेव दारात आला आणि भरत धापा टाकत जवळ आला. "नाना, मधला पातेलामा मीठ तुम्ही टाकं का?"

"हां."

भरतचा चेहरा उतरला. "मी बी टाकं वाटस. तुम्ही तिकडे बट्टीकडे गयेल व्हतात. याद येत नई माले नीट."

सुकलालनं पातेल्यावर वाकून वास घेतला. मीठ वासात कळत नाही. रंगात नाही, आवाजात नाही. दुप्पट पडलं असेल तर अडीचशे माणसांचं ताट खारट, आणि तेही रिनाच्या लग्नात, वरपक्षासमोर. गोकुळ तिकडून घाई करत होता. पंगत बसायला लागली होती.

सगळ्या मदतनिसांचे हात थांबले. सुकलालनं पळी बुडवली. शीला धावत आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"नाना, चाखी ल्या," ती हळूच म्हणाली. "एक चमचाघाई गुडघाले काही होवाव नई. मीच सांगस."

खरंच होतं ते. एका चमच्यानं काही बिघडत नाही. पण एवढे महिने हात तोंडाकडे न नेता रांधलेल्या जेवणांची त्याला एक वेगळीच घमेंड चढली होती, आणि ती पहिल्या घमेंडीपेक्षा जास्त कमावलेली होती. आणखी एक गोष्ट त्याला त्या क्षणी स्पष्ट दिसली. या आठ महिन्यांत त्याच्या तोंडात जे काही गेलं, त्याची चव आधी हिनं बघितली होती. आणि ते खाऊनच तो इथे स्वतःच्या पायांवर उभा होता.

आजवर पंगत बसण्याआधी त्याच्या पातेल्यातलं दुसऱ्या कोणी चाखलं नव्हतं. भरतनंही नाही, दगूबाईनंही नाही. एकदा एका हौशी यजमानानं पळी उचलली होती, तर सुकलाल चूल सोडून निघाला होता. हे सगळ्या मदतनिसांना ठाऊक होतं.

त्यानं पळी शीलापुढे धरली. "तू चाख."

शीलानं त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. तिनं तळहातावर थोडी डाळ घेतली, फुंकर मारली, जिभेला लावली. डोळे मिटले. सुकलालचं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे लागलं होतं, आणि आपण पुरते घाबरलो होतो हे त्यानं नंतर दगूबाईपाशी कबूल केलं.

"मीठ एकदाच पडेल शे," ती म्हणाली. "पन नाना, आलं कमी शे."

मदतनीस एकमेकांकडे बघायला लागले. सुकलाल आचाऱ्याला कमी शे म्हणणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. सुकलालनं खलबत्ता ओढला, दोन मुठी आलं ठेचलं आणि स्वतःच्या हातानं पातेल्यात टाकलं.

"आत्ते?"

तिनं पुन्हा चाखलं. "आत्ते बराबर."

"पंगत बसाडा," सुकलाल ओरडला.

वाढायला तो स्वतः निघाला. दोन वर्षांत तो पंगतीत फिरला नव्हता; फिरणार कसा, चार पावलांवर गुडघा बसायचा. आज डाळीची बादली भरतच्या हातात आणि पळी त्याच्या. हळू चालला, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. प्रत्येकापुढे थांबला, घ्या म्हणाला, अजून घ्या म्हणाला. गोकुळ मांडवाच्या खांबाशी उभा राहून त्याच्याकडेच बघत होता, पाव्हण्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं.

वराच्या मामानं तिसऱ्यांदा द्रोण पुढे केला. अक्कलकुव्याकडचा माणूस, मिशा राखलेला. "आचारी, डाळ म्हणजे काय डाळ आहे. आमच्या पोराचं लग्न वैशाखात आहे. येणार का अक्कलकुव्याला?"

सगळी पंगत ऐकत होती. सुकलालनं पळी बादलीत ठेवली आणि मागे वळून हाक मारली. शीला लोणच्याची वाटी घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली.

"डाळ मन्ही शे," सुकलाल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "पन चव मन्ही सूननी शे. ती जर हां म्हनी, तवयच मी येसू."

मामांनी शीलाकडे पाहिलं. पंगतीतल्या बायकांनी पाहिलं, पंगतीत बसलेल्या पारावरच्या हसणाऱ्यांनीही पाहिलं. शीलानं वाटी सावरली, सासऱ्याच्या गुडघ्यांकडे एक नजर टाकली, आणि मग मामांना म्हणाली, "येसूत. पन उंच शेगडी लागी."